पेट स्कॅन झाला, रिपोर्ट उद्या

अण्णांच्या मानेत उजव्या बाजूला गाठ आली ती गणपतीच्या दिवसात. दुखत नव्हती म्हणून त्यांनी कुणाला सांगितलीच नाही, दाढी करताना हाताला लागायची तेवढीच. आईनं बघितलं तेव्हा लिंबाएवढी झाली होती. मग तासगावचे डॉक्टर, तिथून मिरज. आमच्याकडं कुठलंही मोठं दुखणं आलं की गाडी मिरजेलाच वळते, १८९४ साली डॉ. वानलेसांनी तिथं दवाखाना काढला तेव्हापासून हे असंच चाललंय. वेटिंगमध्ये बसलं की निम्मी माणसं कानडी बोलत असतात, अथणी चिकोडीकडून आलेली. मी सांगलीत विश्रामबागला राहते, भाऊ पुण्यात, आई अण्णा गावाकडं द्राक्षाच्या बागेत. त्यामुळं दवाखान्याचं सगळं माझ्याकडं आलं आणि भावाकडं आलं ते फोनवरून विचारणं.

आजार लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, डिफ्यूज लार्ज बी सेल म्हणतात तो. औषध, केमो, खर्च याबद्दल लिहिणारे बरेच आहेत. मला लिहायचंय ते मधल्या दिवसांबद्दल, म्हणजे तपासणी झालेली आहे आणि निकाल हातात नाही तेव्हा घरात काय चालतं त्याबद्दल. कारण आमच्या घरानं केमोचे दिवस बऱ्यापैकी रेटले, तेव्हा करायला काहीतरी काम असायचं, सलाईन, डबा, गोळ्या, ताप बघणं. माणसं खचली ती मधल्या रिकाम्या दिवसात.

पहिली वाट बघितली बायोप्सीची. गाठ काढून तपासायला दिली आणि आम्हाला वाटलं दोन दिवसात कळेल. आठवडा गेला तरी "अजून मार्कर यायचेत" एवढंच. भाऊ रोज म्हणायचा, रिपोर्टला उशीर होतोय म्हणजे काहीतरी वाईट आहे, लपवायलेत. शेवटी मी पॅथॉलॉजीच्या काउंटरवर एका मॅडमला विचारलं की नक्की काय चाललंय आत, आणि त्यांनी छान सांगितलं. गाठ आधी फॉर्मालिनमध्ये मुरावी लागते, मग मेणात बसवून तिचा ठोकळा करतात, त्याचे केसासारखे पातळ काप काढून रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. त्यात लिम्फोमा वाटला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. कुठल्या जातीचा ते ठरवायला वेगळे वेगळे मार्कर लावावे लागतात, पहिल्या मार्करचं उत्तर बघून पुढचे ठरतात, आणि ठोकळा कधीकधी मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवतात. म्हणजे उशीर हा आजार किती वाढलाय त्याचा नसतो, पायऱ्यांचा असतो. ही एवढी गोष्ट कळल्यावर आई पहिल्यांदा नीट जेवली. मी तेव्हापासून एक सवय लावून घेतली, कुठलीही तपासणी करताना निघायच्या आधी तीन गोष्टी विचारायच्याच: रिपोर्ट साधारण कधी, तो कुणाच्या हातात येणार, आणि तो समजावून कोण सांगणार आणि कुठल्या दिवशी. पहिली दोन उत्तरं मिळतात, तिसरं कुणी आपणहून देत नाही. ते मागून घ्यायचं, डॉक्टरची अपॉइंटमेंट स्कॅनच्या दिवशीच ठरवून टाकायची.

मग पेट स्कॅन. ज्यांनी केला नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण आम्हालाही काही माहीत नव्हतं, अण्णा म्हणत होते "एक्स-रेच की मोठा". हाताच्या शिरेतून एक प्रकारची साखर सोडतात, तिला किरणोत्सर्ग करणारा कण चिकटवलेला असतो. ज्या पेशी जास्त साखर खातात त्या मशीनमध्ये उजळ दिसतात. कॅन्सरच्या पेशी जास्त खातात, पण फक्त त्याच खात नाहीत. मेंदू खातो, हृदय खातं, कुठं सूज असली, जंतुसंसर्ग असला तर ती जागाही खाते, आणि लघवीतून बाहेर पडते म्हणून मूत्राशय तर लखलखतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं आमचं सगळं रामायण याच्यावरच झालंय.

सहा तास उपाशी, पाणी चालतं. आदल्या दिवशी भात, चपाती, गोड कमी खायला सांगतात आणि कष्टाचं काम करू नका म्हणतात, कारण दमलेले स्नायूसुद्धा साखर ओढतात. अण्णांना डायबेटिस, त्यांची मेटफॉर्मिन डॉक्टरांनी दोन दिवस आधी बंद केली, ती गोळी चालू असली की आतडी उजळतात आणि खालचं दिसत नाही. (ही गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, विचारून करा.) सेंटरला गेलो की आधी बोट टोचून शुगर बघतात. दोनशेच्या वर असली की बहुतेक ठिकाणी स्कॅन करत नाहीत, कारण रक्तातली साखर आणि इंजेक्शनची साखर एकमेकांशी भांडतात.

आम्ही पहाटे निघून आठला पोचलो तर तिथं सांगितलं, डोस अजून आला नाही. डोस म्हणजे ते इंजेक्शन. ते सायक्लोट्रॉन असलेल्या मोठ्या शहरात तयार होतं आणि शिशाच्या जाड डब्यातून गाडीनं येतं. त्याची ताकद एकशे दहा मिनिटांत निम्मी होते, म्हणजे साधारण पावणेचार तासांत पाव. त्यामुळं ते कालचं आज चालत नाही, साठवून ठेवता येत नाही, गाडी घाटात अडकली की सगळे पेशंट उपाशी बसून. मी चिडले होते, खरं सांगते, पण हे ऐकल्यावर अण्णाच मला म्हणाले, "द्राक्षाची गाडी लेट झाल्यावर आपण काय करतो, बसतोच की." त्यांना ते हिशोबात बसलं.

इंजेक्शन दिल्यावर तासभर एका अर्ध्या अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. बोलायचं नाही, मोबाईल नाही, चालायचं नाही. नातेवाईकाला आत घेत नाहीत. पेशंटसाठी हा तास सगळ्यात वाईट असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं, मशीनमधली वीस-पंचवीस मिनिटं त्यापुढं काहीच नाहीत. अण्णांनी त्या तासात काय केलं विचारलं तर म्हणाले, बागेच्या ओळी मोजल्या, वरच्या पट्टीपासून, कुठल्या ओळीत किती झाडं मेलीत ते. प्रत्येक वेळी तेच केलं त्यांनी. बाहेर आल्यावर लहान बाळ आणि गरोदर बाई यांच्यापासून काही तास लांब बसायचं, भरपूर पाणी प्यायचं. माझ्या नणंदेचं बाळ घरात होतं, म्हणून अण्णा त्या दिवशी आमच्याकडं न येता थेट गावाकडं गेले आणि हे त्यांना फार लागलं. "आता मी पोराला बी चालत न्हाई." आधी माहीत असतं तर घरातल्या घरात वेगळी खोली बघून ठेवली असती. कुणी जाणार असेल तर एवढं आधी ठरवा.

पहिला स्कॅन अपेक्षेप्रमाणे. मानेत, काखेत आणि छातीत मधोमध गाठी, हाडात काही नाही. आर-चॉप नावाची केमो ठरली, एकवीस दिवसांच्या अंतरानं सहा.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, कारण ती कुणीच आम्हाला धड सांगितली नव्हती. त्या केमोबरोबर पाच दिवस प्रेडनिसोलोनच्या गोळ्या असतात, स्टिरॉइड, आणि भरपूर डोस असतो. पहिल्या केमोनंतर अण्णा रात्री दोनला उठून अंगणात फेऱ्या मारायचे, दार वाजलं तर अंगावर यायचे, मग सहाव्या दिवसापासून एकदम गळून पडायचे आणि म्हणायचे की मला काय जगायचं नाही. आम्हाला वाटलं निकालाच्या काळजीनं माणूस वेडा व्हायला लागलाय. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले यातलं बरंचसं गोळीचं आहे, झोप उडवते, चिडचिड करते आणि थांबली की मरगळ आणते. गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर घ्यायच्या, संध्याकाळवर ढकलायच्या नाहीत. तेवढ्यानं पुढच्या वेळी बराच फरक पडला, आणि नसता पडला तरी "हे गोळीचं आहे, आठवड्यात जाईल" असं कॅलेंडरवर बोट ठेवून सांगता यायला लागलं. काळजी कुठली आणि औषध कुठलं हे वेगळं करता आलं की निम्मं भांडण कमी होतं घरातलं. डॉक्टर एवढंही म्हणाले की मरगळ आठवड्यानंतरही राहिली, जेवण सुटलं किंवा मरायचं बोलणं थांबलं नाही तर थांबू नका, लगेच आणा. सरकारची १४४१६ ही टेलिमानसची लाईन आहे, मराठीत बोलतात, ती मी आईच्या फोनमध्ये सेव्ह करून दिली. अण्णांनी नाही केला फोन, आईनं केला.

तिसऱ्या केमोनंतर मधला स्कॅन, औषध लागू पडतंय का ते बघायला. तो चौथ्या केमोच्या अगदी तोंडावर करतात, जितका उशिरा तितकं चित्र स्वच्छ. ठरलेल्या दिवशी गेलो तर शुगर २३२. परत पाठवलं. त्या दिवशी गाडीत कुणी एक शब्द बोललं नाही. स्कॅन वाईट निघणं परवडलं पण स्कॅनच न होणं नको असं झालं होतं. मधुमेहाच्या गोळ्या वाढवून पुढच्या तारखेला परत गेलो, तेव्हा थंडी होती आणि सेंटरच्या सिस्टरनी मुद्दाम स्वेटर कानटोपी घालायला लावली. म्हणाल्या थंडीत मानेतली एक प्रकारची चरबी ऊब तयार करायला साखर खाते आणि उजळते. मान! नेमकी आमची जागा. मी त्या दिवशी अण्णांच्या गळ्याभोवती माझा पण स्कार्फ गुंडाळला.

रिपोर्ट संध्याकाळी येणार होता आणि डॉक्टर भेटणार होते दुसऱ्या दिवशी दुपारी. सेंटरनं पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकली, माझ्या आणि भावाच्या दोघांच्या नंबरवर, कारण फॉर्मवर दोघांचे होते. भावानं पुण्यात बसून रात्री साडेदहाला उघडली. साडेदहा ते दोन त्यानं वाचलं आणि दोनला मला फोन, "हाडात गेलंय गं." त्याच्या बायकोचा मागं रडण्याचा आवाज. मी उघडून बघितलं तर खरंच लिहिलेलं होतं, डिफ्यूज इन्क्रीज्ड मॅरो अपटेक, म्हणजे हाडांच्या मगजात सगळीकडं साखर जास्त ओढलीय. पहिल्या स्कॅनमध्ये हे नव्हतं. आणि खाली ती ओळ, "क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड". रात्री दोन वाजता ती ओळ वाचल्यावर माणसाला वाटतं की डॉक्टरला सुद्धा तोंडानं सांगवेना म्हणून असं लिहिलंय.

दुपारी डॉक्टरांनी ती फिल्म कॉम्प्युटरवर उघडली, माझ्याकडं स्क्रीन वळवली आणि पहिला प्रश्न विचारला, "पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं होतं ना केमोनंतर?" दिलं होतं, पोटात टोचायचं. ते इंजेक्शन मगजाला कामाला लावतं, मगज जोरात पेशी तयार करतो, जोरात काम म्हणजे जास्त साखर. त्यामुळं सगळा मणका, कंबरेचं हाड, एकसारखं उजळ. आजार असता तर असा एकसारखा नसता, ठिपके ठिपके, कमीजास्त दिसला असता, आणि बाकीच्या गाठी विझत असताना नवा आजार हाडात एकदम सगळीकडं उगवणं तसंही पटणारं नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याला इंजेक्शनची तारीख माहीत नसते, म्हणून तो लिहितो की पेशंट बघणाऱ्यानं ताळा करून घ्यावा. त्या ओळीचा अर्थ एवढाच. जवळजवळ प्रत्येक रिपोर्टखाली ती असते. मी नंतर आईचा गुडघ्याचा जुना रिपोर्ट काढून बघितला, त्यात पण होती!

मग मानेची गाठ. तिनं साखर किती ओढली त्याचा आकडा होता २.४, पहिल्यांदा होता १८.६. भावाचं म्हणणं शून्य का नाही. डॉक्टर म्हणाले शून्य कधी होत नसतं, आम्ही आकडा एकटा वाचतच नाही, शेजारी यकृत ठेवून वाचतो. यकृत सगळ्यांचंच थोडी साखर ओढतं. गाठ छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांपेक्षा फिकी असली तर दोन किंवा त्याखाली, त्यांच्यापेक्षा उजळ पण यकृताच्या आत असली तर तीन, यकृतापेक्षा ठळक असली तर चार, खूपच जास्त किंवा नवीन जागी असली तर पाच. याला डोव्हिल स्कोअर म्हणतात, फ्रान्समधल्या डोव्हिल गावात २००९ साली डॉक्टरांची बैठक झाली होती तिच्यावरून. अण्णांचं यकृत २.९, गाठ २.४. म्हणजे स्कोअर तीन, आणि लिम्फोमात साधारण तीनपर्यंत औषध लागू पडलंय असं धरतात. आकडा मशीनवर, त्या दिवशीच्या शुगरवर, इंजेक्शननंतर किती मिनिटांनी स्कॅन घेतला यावर हलतो, म्हणून दोन वेगळ्या सेंटरचे आकडे एकमेकांना लावायचे नाहीत आणि शक्यतो त्याच सेंटरला जायचं.

त्या रात्रीनंतर आमच्या घरात वाटणी झाली. फॉर्मवर फक्त माझा नंबर. पीडीएफ आली की मी उघडायची नाही, डॉक्टरच्या नंबरवर पाठवायची आणि दुसऱ्या दिवशी जाऊन ऐकायची. भावाला हे जड गेलं, तो म्हणाला मला ठेवताच कसं अंधारात. मग ठरलं की डॉक्टरच्या केबिनमधून मी त्याला फोन लावून स्पीकरवर ठेवायचा, म्हणजे त्याला पण पहिल्या तोंडचं ऐकायला मिळेल आणि त्याचे प्रश्न तोच विचारेल. प्रत्येकाला हे जमेल असं नाही, काही माणसांना कागद न उघडता झोपच येत नाही. मिरजेच्या वेटिंगमध्ये जतचे एक मास्तर भेटायचे बायकोला घेऊन, ते म्हणायचे मी लगेच उघडतो पण फक्त शेवटचा परिच्छेद वाचतो, इम्प्रेशन लिहिलेला, आणि तो पण दिवसा, डॉक्टर फोन उचलतील अशा वेळी. हेही शहाणपणाचंच वाटलं मला.

आईची पद्धत वेगळी. तिला इंग्रजी कागदाशी काही देणंघेणं नाही. तिनं एक शाळेची वही घातली. मनात आलं की लिहायचं, रात्री तीनला आलं तरी दिवा लावून लिहायचं आणि झोपायचं. "खोकला येतोय हे त्यामुळंच का", "दही चालतंय का", "परत आलं तर काय करत्यात". केबिनमध्ये वही पुढं सरकवायची. हे शेवटचं वाक्य तिनं आमच्या कुणाच्याच देखत कधी तोंडानं विचारलं नसतं. डॉक्टरांनी वाचून त्याचं सरळ उत्तर दिलं, की परत आलं तर दुसरी औषधं आहेत, ती जास्त कडक असतात, वय आणि हृदय बघून ठरवतात, आणि आज त्याची गरज नाही. तिला ते चाललं. आम्ही पोरं उगीच "काही होत नाही आई" म्हणत बसलो होतो, त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता.

आणि पाहुणे. रिपोर्टच्या दिवशी फोनला दम नसतो. विट्याची आत्या, पलूसचे मामा, भावकीतले, सगळे प्रेमानंच करतात, पण सारखं "आला का, काय म्हणाले" याला उत्तर देता देता पेशंटच्या कानावर तेच जातं दिवसभर. शेवटी मामांनाच कामाला लावलं. मी एक मेसेज मामांना टाकायचा, मामा बाकीच्यांना कळवणार, आणि कळवायच्या आधी कुणी बांधावर फोन करायचा नाही. मामांना एवढा मान वाटला की त्यांनी खरोखर तीन-चार जणांना झापलं.

सगळ्यात लांब रिकामी जागा आली सहाव्या केमोनंतर. जानेवारी संपता संपता शेवटचं सलाईन झालं, आम्हाला वाटलं आता लगेच स्कॅन, मोकळे. डॉक्टर म्हणाले दीड-दोन महिन्यांनी. भाऊ भडकला, म्हणाला एवढे दिवस आजार आत असला तर? कारण परत तेच, केमोनं मेलेल्या गाठीभोवती सूज असते, शरीर तिथं साफसफाई करत असतं, ती साफसफाई पण उजळते. घाईनं केला तर खोटा उजेड दिसून परत बायोप्सी, परत घोर. केमोनंतर म्हणून सहा ते आठ आठवडे थांबतात, शेक म्हणजे रेडिएशन दिलं असेल तर आणखी जास्त, तीन महिन्यांच्या आसपास. डॉक्टर म्हणाले मधे ताप आला, रात्री अंग भिजून कपडे बदलावे लागले, वजन उतरलं किंवा गाठ लागली तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी या. बाकी तारखेला.

ते आठवडे नेमके बेदाण्याच्या हंगामाचे. केमोत अण्णांना बागेत औषध फवारणी, धूळ सगळं बंद होतं, हंगाम मात्र त्यांच्याशिवाय कधी झालाच नव्हता. त्यांनी खुर्ची टाकून शेडपासून लांब बसायचं आणि मजुरांचा हिशोब लिहायचा असं ठरलं. खुर्ची रोज दोन हात शेडकडं सरकायची, आई रोज मागं ओढायची. पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांच्या तोंडी स्कॅन हा शब्द दिवसातून एकदा यायला लागला होता, आधी तासाला यायचा. काम हेच औषध वगैरे मी म्हणणार नाही, कारण रात्री ते तितकेच जागे असायचे. फक्त दिवस तरी त्यांच्या ताब्यात आला.

मार्चमधला स्कॅन. केबिनमध्ये मी, आई, स्पीकरवर भाऊ. मान, काख, छाती, सगळं स्कोअर दोन. आई हात जोडायला लागली तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, थांबा, फुफ्फुसात उजवीकडं खाली एक छोटा डाग आहे, थोडा उजळ, आधी नव्हता. भाऊ तिकडून, "नवीन म्हणजे पाच ना डॉक्टर?" तेवढं शिकला होता तो. डॉक्टर म्हणाले नवीन जागा लिम्फोमाची वाटली तर पाच, हा तसा वाटत नाही, ढगासारखा पसरट आहे. मग विचारलं, खोकला? होता. धूर, धूळ? आईनं अण्णांकडं बघितलं, अण्णांनी खिडकीकडं. गंधकाची धुरी देताना ते शेडच्या दारात उभे होते, आईला तेव्हाच कळलं ते. डॉक्टर म्हणाले हे इन्फेक्शन किंवा धुरानं आलेली सूज असायची शक्यता जास्त, पण मी आज शिक्का मारत नाही. थुंकीची तपासणी करू, अँटिबायोटिक देऊ, आणि काही आठवड्यांनी फक्त छातीचा सीटी काढू. लगेच सुई घालून बायोप्सी का नाही असं भावानं विचारलं, तर डाग एवढा लहान आणि खोल आहे की सुईचा धोका फायद्यापेक्षा जास्त, आणि सूज असेल तर औषधानं ती स्वतःच उत्तर देईल.

हा असला निकाल झेलायला सगळ्यात अवघड. वाईट असता तर लढायला लागलो असतो, चांगला असता तर पेढे. हा मधलाच. आत्याला काय सांगायचं हेच कळेना. मामांना मी मेसेज केला: "आधीच्या गाठी गेल्या. फुफ्फुसात सूज आहे, औषध चालू, परत फोटो काढायचाय." मामांनी पुढं पाठवताना त्यात "काळजीचं कारण नाही" असं स्वतःचं जोडलं, आणि मी त्यांना ते काढायला लावलं. कारण नंतर जर निघालं काही, तर पहिलं खोटं ठरतं आणि मग पुढचं खरंही कुणी धरत नाही. त्या आठवड्यात आईची वही दोन पानं पुढं गेली, अण्णा शेडकडं फिरकले नाहीत आणि भाऊ सुट्टी टाकून गावाकडं येऊन राहिला, जो त्याचा सगळ्यात चांगला निर्णय होता. पुण्यात बसून त्याला नुसते शब्द दिसायचे, इथं अण्णा दोन भाकरी खातात, खोकला कमी झालाय, जिन्यावर दम लागत नाही, हे डोळ्यानं दिसायला लागलं.

सीटीत डाग जवळजवळ गेला होता. एक बारीक रेघ उरली, ती भरलेल्या जखमेसारखी राहील म्हणाले.

आता गंमत अशी की यानंतर आम्हीच स्कॅन मागायला लागलो. दर तीन महिन्यांनी पेट काढू, पैसे आम्ही भरतो, असं भाऊ म्हणाला. डॉक्टरांनी नको सांगितलं. पूर्ण गेलेल्या लिम्फोमात काही लक्षण नसताना नुसत्या खात्रीसाठी पेट काढत राहिलं तर आमच्या फुफ्फुसाच्या डागासारखे खोटे उजेडच जास्त सापडतात, आणि आजार परत आलाच तर बहुतेक वेळा पेशंटलाच आधी कळतं, गाठ, ताप, घाम, वजन. म्हणून तारखेला येऊन अंग तपासायचं, रक्त द्यायचं, आणि शंका आली तर तेव्हा स्कॅन. हे पचायला वेळ लागला, कारण स्कॅनचा निकाल भीतीदायक असला तरी निकाल तरी असायचा. आता निकालच नाही, नुसतं आपलं आपण बघायचं.

अण्णा सुरवातीला दिवसातून दहा वेळा मान चाचपायचे, चाचपून चाचपून लाल करून घ्यायचे आणि मग तिथं दुखतंय म्हणून घाबरायचे. आईनं नियम घातला, महिन्याच्या एक तारखेला अंघोळीनंतर ती स्वतः बघणार, मान, काख, जांघ, आणि वजनकाट्यावर उभं करणार, वहीत लिहिणार, मधे हात लावायचा नाही. एक तारीख आली की अण्णा जरा गप्प असतात आणि अंघोळीला उगीच उशीर करतात. मागच्या महिन्यात भाऊ परत फोनवर म्हणाला, एकदा पेट काढूनच टाकूया का, मनाची शांती. अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "तुझी शांती व्हायची आसंल तर तू काढ. माझी तारीख बावीसला हाय." आणि छाटणीला माणसं कधी पाठवतोस ते विचारायला लागले.